ग्रुप फोटोतून मधला माणूस काढायचाय, पण मोकळी जागा दिसता कामा नये

फसलेला_सेक्रेटरी | शनि, रात्री 10:12

मंडळी, मदत करा. कर्वेनगरात आमची सोसायटी. क्लबहाउसमध्ये कमिटीचा फोटो काढला, नऊ जणं एका ओळीत उभी, मागे लाकडी पट्ट्यांची भिंत. हा फोटो गणपतीच्या फ्लेक्सवर जाणार. आता डावीकडून चौथे जे उभे आहेत ते म्हणतात, "मी सरकारी नोकरीत, फ्लेक्सवर नगरसेवकांचा फोटो येणार असेल तर मला काढा." त्यांचं बरोबर आहे. पण परत सगळ्यांना एकत्र आणणं अशक्य. एक काकू अमेरिकेला गेल्या, एकांचं गुडघ्याचं ऑपरेशन झालंय.

मी मीटिंगमध्ये "मला येतं" म्हणून बसलो. जिंप 2.10 वापरतो. त्यांना पुसून मागे भिंत भरली. दिसतंय बरं, पण ओळीत पडलेल्या दातासारखी फट राहिली. उरलेल्यांना जवळ कसं सरकवायचं? फोटो 6000 बाय 4000.

---

शेवंता_डी | शनि, 10:31

सोपंय. हील सिलेक्शन नावाचं प्लगिन टाका (रीसिंथेसायझरबरोबर येतं), माणसाभोवती सिलेक्शन करा, दोन मिनिटांत गायब. मी जावेच्या डोहाळजेवणाच्या फोटोतला केटरिंगवाला असाच घालवला.

---

फसलेला_सेक्रेटरी | शनि, 10:36

ताई, गायब तर झालेतच. गायब झाल्यावर जी फट उरली तिचं काय करू, ते विचारतोय.

---

कातरी_आणि_डिंक | शनि, 10:58

फट बुजवायची म्हणजे चौथ्यांना पुसायचंच नाही. त्यांच्या उजवीकडचे पाच जण भिंतीसकट डावीकडे ओढायचे, चौथे आपोआप झाकले जातात. भरायला जागाच उरत नाही, म्हणून भरल्याच्या खुणाही राहत नाहीत. तुम्ही केलेली भिंत टाकून द्या आणि मूळ फोटो घ्या.

आधी तीन गोष्टी सांगा. एक, भिंतीवरच्या पट्ट्या उभ्या की आडव्या? दोन, चौथ्यांच्या शेजारच्या दोघांचं काही त्यांच्यामागे झाकलं गेलंय का, म्हणजे खांदा, कोपर, पदर? तीन, फोटोग्राफरने एकच फोटो काढला की चार-पाच? सगळे मागवून घ्या, खराब आलेलेसुद्धा.

---

टर्मिनल_वेलणकर_नव्हे | शनि, 11:20

कशाला एवढं? इमेजमॅजिकची एक ओळ:

```
magick committee.png -chop 558x0+2310+0 out.png
```

2310 पासून पुढचे 558 पिक्सेल रुंदीचा उभा काप काढून उरलेलं चिकटवतो. आकडे तुमच्या फोटोप्रमाणे बदला.

---

फसलेला_सेक्रेटरी | शनि, 11:47

आकडे बदलायची गरजच पडली नाही, हे कसं काय जमलं देव जाणे. चौथे गेले! पण तिसऱ्या काकांचा दंड सुरीने कापल्यासारखा सपाट झालाय आणि पाचव्या काकूंना डावा खांदा उरलेला नाही.

कातरीसाहेब, पट्ट्या उभ्या आहेत. पाचव्या काकूंचा खांदा आणि कोपर चौथ्यांच्या मागे झाकलंय. तिसरे काका पूर्ण दिसतात. फोटो किती काढलेत ते उद्या विचारतो.

---

कातरी_आणि_डिंक | शनि, 11:59

वेलणकरांची आज्ञा बघण्यापुरती ठेवा. गर्दी किती झाली, रांग चेपलेली वाटते का, ते तिच्यावरून लगेच कळतं. छापायला चालणार नाही, कारण माणसं काही सरळ रेषेत संपत नाहीत.

उद्या एक माप घ्या. Measure टूल (Shift+M) घेऊन भिंतीच्या डाव्या टोकाला दहा पट्ट्यांचं अंतर मोजा, एका खाचेपासून अकराव्या खाचेपर्यंत, आणि दहाने भागा. मग तेच उजव्या टोकाला. एकच पट्टी मोजू नका, एक-दोन पिक्सेलची चूक पुढे दहापट होते.

---

आडवातिडवा | रवि, सकाळी 7:40

हे लिक्विड रीस्केल करतं की! प्लगिन आहे. जो नको त्याच्यावर एका रंगाचा मास्क, जे हवेत त्यांच्यावर दुसऱ्या रंगाचा. ते स्वतःच फोटोतल्या बिनमहत्त्वाच्या रेघा शोधून काढत जातं आणि बाकीचं जवळ येतं. 2007 मध्ये अविदान आणि शमीर यांनी ही पद्धत मांडली, फोटोशॉपमध्ये तीच कंटेंट अवेअर स्केल म्हणून आली. फट बुजवायलाच जन्मली आहे ती. सरकवासरकवी हाताने कोण करतं आता.

---

फसलेला_सेक्रेटरी | रवि, दुपारी 1:15

आडवातिडवा, करून बघितलं. चौथे गेले, ओळ जुळली, आणि मी आनंदाने ओरडणार तेवढ्यात भिंत बघितली. त्यांच्या डोक्यावरच्या पट्ट्या पुरात वाकलेल्या बांबूसारख्या झाल्यात. सहाव्यांच्या चेहऱ्यावर मास्क लावायला विसरलो, ते बिचारे एका बाजूने सुकलेत.

कातरीसाहेब, मापं: डावीकडे 64, उजवीकडे 60. हे असं कसं? पट्ट्या तर सारख्याच आहेत, मी स्वतः कोटेशन मंजूर केलंय.

---

कातरी_आणि_डिंक | रवि, 2:05

आडवातिडवांचं अर्धं बरोबर आहे. मागे हिरवळ, आभाळ, सिंहगडावरचं गवत असतं तर मीही तेच सांगितलं असतं. ती पद्धत काढते ती रेघ वाकडीतिकडी असते, वरपासून खालपर्यंत दर ओळीतला एक-एक पिक्सेल. दर ओळीत तो वेगळ्या जागी असतो. गवताला त्याचं काही वाटत नाही, पण सरळ पट्टी वेडीवाकडी होते. भिंत, जाळी, फरशी, पायऱ्या असल्या की हाताने करावं.

आता 64 आणि 60. कोटेशनवाल्याचा दोष नाही. फोटोग्राफर भिंतीच्या बरोबर समोर नव्हता, थोडा डावीकडे उभा राहून तिरका काढलाय, म्हणून उजवीकडच्या पट्ट्या लांब गेल्या आणि बारीक दिसतात. भिंतीच्या वरची कड बघा, उजवीकडे जाताना खाली उतरत असणार. खालची कड वर चढत असणार.

ते आधी सरळ करा. Perspective टूल (Shift+P), त्यात Direction ला Corrective (Backward). जाळीचे चार कोपरे असे ओढा की जाळीच्या कडा भिंतीच्या कडांवर आणि खाचांवर बसतील. Transform दाबलं की भिंत समोरून काढल्यासारखी होते. माणसंही किंचित बदलतात, पण एवढ्याशा तिरकेपणात कोणाच्या लक्षात येत नाही. मग परत मोजा, दोन्हीकडे सारखं यायला हवं.

हे नाही केलं तर पुढचं सगळं फुकट. डावीकडे ओढलेली बाजू वरच्या कडेशी जुळवली की खालची तुटते, खालची जुळवली की वरची.

---

निगेटिव्ह_आजोबा | रवि, 4:30

वाचून मजा वाटली. आम्ही हे स्टुडिओत ब्लेडने करायचो. लग्नाच्या फोटोतला नको असलेला पाहुणा काढा म्हणून लोक यायचे, कारण सांगायचे नाहीत, आम्ही विचारायचो नाही. मोठा प्रिंट काढायचा, माणसाच्या कडेकडेने ब्लेड चालवायचं, पण आरपार नाही, वरचा थर तेवढा चिरायचा आणि कागद मागच्या बाजूला फाडत न्यायचा. मग मागून बारीक काचपेपर मारून ती कड इतकी पातळ करायची की बोट फिरवलं तरी लागू नये. डिंकाने चिकटवायचं, सांध्यावर ब्रशने रंग लावायचा आणि त्या प्रिंटचाच परत फोटो काढायचा. नव्या निगेटिव्हमध्ये सांधा नाहीसा.

कड जाड राहिली तर कॉपी काढताना दिव्याची सावली पडायची आणि पूर्ण बाह्यरेषा दिसायची. एकदा नवरदेवाच्या मेव्हण्याभोवती अशी सावली राहिली की तो पुठ्ठ्याचा कापून लावल्यासारखा दिसत होता. होताच म्हणा.

---

शेवंता_डी | रवि, 5:02

मला एक कळत नाही. माणूस तिथे होता ना? मग फोटोतून काढायचा म्हणजे खोटेपणाच.

---

आडवातिडवा | रवि, 5:20

ताई, त्यांनी स्वतः सांगितलंय. आणि तुम्ही केटरिंगवाला घालवलात तेव्हा?

सरकवण्याचा वाद जुना आहे बाकी. नॅशनल जिओग्राफिकने फेब्रुवारी 1982 च्या उभ्या मुखपृष्ठावर आडवा फोटो बसावा म्हणून गिझाचे पिरॅमिड जवळ सरकवले होते, त्यावर केवढा गदारोळ झाला. इथे तर गणपतीचा फ्लेक्स आहे.

---

फसलेला_सेक्रेटरी | रवि, रात्री 9:10

सरळ झालं! आता दोन्हीकडे 62. वरची कड पट्टीने आखल्यासारखी. पुढे?

---

कातरी_आणि_डिंक | रवि, 9:48

आता खरा हिशोब. किती सरकवायचं हे डोळ्याने ठरवू नका, दोन गोष्टी ते ठरवतात.

पहिली भिंत. 62 च्या पटीतच सरकवायचं. मग खाचेवर खाच येते आणि सांधा कुठे आहे ते भिंतीला कळतच नाही. मोठा फायदा केसांचा. काकूंच्या गजऱ्याभोवती केस-न-केस कापत बसावं लागत नाही, भोवतीची थोडी भिंत घेऊनच त्या येतात आणि ती भिंत इकडच्या भिंतीला जुळते.

दुसरी काकूंचा खांदा. तो फोटोत नाहीच, तेव्हा कुठून आणणार? तो लपवायचा. म्हणजे त्यांना इतकं डावीकडे आणायचं की जिथे त्या अर्धवट कापल्यात ती कड तिसऱ्या काकांच्या दंडामागे जाईल. तिसरे काका पूर्ण आहेत, म्हणून ते वर, काकू खाली.

तुमच्या सरळ केलेल्या फोटोत तिसऱ्यांचा दंड आडव्या मापावर कुठे संपतो आणि काकूंचा दिसणारा भाग कुठे सुरू होतो, ते सांगा.

---

फसलेला_सेक्रेटरी | रवि, 10:05

दंड 2330 ला संपतो. काकू 2810 ला सुरू होतात.

---

कातरी_आणि_डिंक | रवि, 10:31

म्हणजे मधे 480. आठ पट्ट्या म्हणजे 496, नऊ पट्ट्या म्हणजे 558. 496 ने काकूंची कापलेली कड दंडामागे फक्त 16 पिक्सेल जाईल. दंड कुठे जरा बारीक झाला की ती बाहेर डोकावेल. 558 ने 78 पिक्सेल आत जाते. बाकीची मंडळी एकमेकांना साधारण किती झाकतात ते बघा, तेवढंच असेल तर 558 घ्या. वेलणकरांनी अंदाजाने तोच आकडा कसा टाकला हा संशोधनाचा विषय आहे.

आता कापाकापी अजिबात नाही. लेयरची एक प्रत करा. खालच्या प्रतीवर Layer → Transform → Offset, X मध्ये -558, कडेला Make transparent. वरच्या लेयरला पांढरा मास्क लावा. मास्कवर काळा ब्रश घेऊन चौथ्यांवर आणि त्यांच्या उजवीकडच्या सगळ्यावर फिरवा. काळा होईल तिथून खालचे सरकलेले लोक दिसू लागतील. तिसऱ्यांच्या दंडाच्या कडेला ब्रश बारीक आणि जवळपास टणक ठेवा, कापडाची कड धूसर असली की चिकटवलेली वाटते. डोक्यांच्या वर सांधा एका खाचेतून सरळ वर न्या. चुकलं तर पांढऱ्याने परत आणा, मूळ कुठे जात नाही.

---

टर्मिनल_वेलणकर_नव्हे | रवि, 10:50

अंदाजच होता तो, नशिबाने जुळला. मॅजिक नाही, फक्त इमेजमॅजिक.

---

फसलेला_सेक्रेटरी | सोम, रात्री 11:20

झालं, जवळजवळ. बघितलं आणि अंगावर काटा आला. काकू तिसऱ्यांच्या शेजारी जणू जन्मापासून उभ्या आहेत. रुंदी 5442 झाली, फ्लेक्स 6 बाय 4 फुटांचा, म्हणून 5442 बाय 3628 ला कापला.

पण तीन भानगडी. एक, तिसऱ्या काकांच्या खांद्यावर चार बोटं आहेत. चौथ्यांनी गळ्यात हात टाकला होता, माणूस गेला, बोटं राहिली. दोन, वर झेंडूचं तोरण आहे, ते सांध्यावर तुटलंय, माळेचा झोल जुळत नाही. तीन, फरशीच्या रेघा जुळत नाहीत, जरी भिंत जुळली.

---

कातरी_आणि_डिंक | मंगळ, सकाळी 6:55

बोटं सगळ्यांकडून राहतात. गळ्यातले हात, कमरेवरचे हात आणि शेजारच्याच्या कपड्यावर पडलेली सावली, या तीन जागा शेवटी 100 टक्क्यांवर बघायच्याच. यासाठीच बाकीचे फोटो मागवा म्हणालो होतो. एखाद्यात हात टाकायच्या आधीचा खांदा असतो. तो नसेल तर काकांचा दुसरा खांदा आरशासारखा उलटा करून लावता येतो, पण कुर्त्याची गुंडी, खिसा, चष्म्याची दोरी यातलं काही उलटं येत नाही ना ते बघा, आणि उजेड एका बाजूने असेल तर खांदा चुकीच्या बाजूने उजळ दिसतो.

तोरण पट्ट्यांसारखं ठरावीक अंतरावर येत नाही, त्यामुळे ते जुळणारच नव्हतं. सांध्याजवळची दहा-बारा फुलं क्लोन टूलने वेगवेगळ्या जागांवरून आणून झोल पुढे चालू करा. एकाच जागेवरून आणलीत तर तेच कोमेजलेलं फूल दोनदा दिसेल.

फरशीचं मात्र मला पूर्ण उत्तर नाही. आपल्याकडे येणाऱ्या रेघा लांब एका ठिकाणी मिळतात, सरकवल्यावर उजवीकडच्यांचं ते ठिकाण वेगळं होतं. शिवाय 2 फुटी फरशी तुमच्या 558 ला कशाला जुमानेल. मी त्या रेघा पुसून परत आखतो, पण दर वेळी जमतं असं नाही.

---

निगेटिव्ह_आजोबा | मंगळ, 8:15

फरशी कापा. पाय कशाला हवेत फ्लेक्सवर? पण घोट्यावर किंवा गुडघ्यावर नको, माणूस अपंग दिसतो. मांडीच्या मधे.

---

फसलेला_सेक्रेटरी | मंगळ, रात्री 9:30

आजोबा, मांडीपर्यंत कापला, फरशी संपली. बोटांसाठी फोटोग्राफरने पाच फोटो दिले, दुसऱ्यात हात वर निघालेलाच नव्हता, तिथून खांदा आणला. तोरण झालं. फोटो आडवा उलटा करून बघितला (कुठेतरी वाचलं होतं), तेव्हा एक पट्टी जरा गडद दिसली, ती ठीक केली.

---

शेवंता_डी | मंगळ, 9:41

खाली नावांची यादी असेल ना, "डावीकडून"? त्यात नऊ नावं राहिली असतील, बघा.

---

फसलेला_सेक्रेटरी | मंगळ, 9:43

बाप रे. राहिलीच होती. ताई, तुम्ही वाचवलंत.

---

फसलेला_सेक्रेटरी | बुध, सकाळी 11:05

कमिटीच्या व्हॉट्सॅपवर टाकला. सगळे वा वा करतायत, चौथे स्वतः खूश. पाचव्या काकूंचा अमेरिकेहून फोन आला. तिसऱ्या काकांशी त्यांचं पार्किंगवरून दोन वर्षं बोलणं बंद आहे. म्हणतात, "मी मुद्दाम मधे एक माणूस ठेवून उभी होते, तुम्ही मला त्याच्या दंडाला चिकटवलंत."

---

कातरी_आणि_डिंक | बुध, 11:30

496 ने करून बघा. काकू एक पट्टी लांब जातील.

---

फसलेला_सेक्रेटरी | बुध, दुपारी 12:10

केलं. वर खांद्याशी जेमतेम झाकलंय, पण काकांचा हात कमरेपाशी आत वळलाय, तिथे काकूंचं कापलेलं कोपर दिसतं. पाचपैकी कुठल्याच फोटोत त्यांचं कोपर नाही.

---

आडवातिडवा | बुध, 12:25

दुसऱ्यांना आणि तिसऱ्यांना अदलाबदल करा की.

---

कातरी_आणि_डिंक | बुध, 12:40

दुसरे तिसऱ्यांच्या मागे झाकले गेलेत का, आधी ते सांगा. असतील तर अजून एक खांदा कुठून तरी आणावा लागेल.